रेंज नसलेल्या घरात वाय-फाय कॉलिंग: कॉल न तुटता चालावा म्हणून काय काय करायचं

कोकणातल्या दरीतल्या गावांमध्ये आता फायबर पोचली आहे, पण मोबाइलचा टॉवर डोंगराच्या पलीकडेच राहिला आहे. घरात यूट्यूब झकास चालतं, आणि फोन करायचा तर अंगणातल्या ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन उभं राहावं लागतं. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी हेच होतं. वाय-फाय कॉलिंग सुरू केल्यावर फोन लागू लागले, पण ते तुटायचे, आवाज अडकायचा, आणि बाहेरून फोन करणाऱ्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू यायचं. बटण चालू करायला मिनिट पुरतं, खरं काम त्याच्यापुढे सुरू होतं. ते काम कोणत्या क्रमाने करावं ते इथे लिहितो.

एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वाय-फाय कॉलिंग म्हणजे व्हॉट्सॲप कॉल नव्हे. तुमचा नेहमीचा नंबर, नेहमीचा डायलर, समोरच्याला साधा फोन. फरक इतकाच की फोन टॉवरऐवजी इंटरनेटवरून थेट तुमच्या मोबाइल कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक कुलूपबंद बोगदा बांधतो आणि कॉल त्यातून जातो. बोलत नसतानाही हा बोगदा उभा असावा लागतो, नाहीतर येणारा कॉल तुमच्यापर्यंत पोचणार कसा? तो का कोसळतो हे शोधणं, एवढंच आपलं काम.

## काय काय जवळ हवं

- वाय-फाय कॉलिंगची सोय असलेला फोन आणि ४जी किंवा ५जी सिम, रिचार्ज चालू असलेलं. इंटरनेट कोणत्याही कंपनीचं चालतं, सिमच्याच कंपनीचं हवं असं नाही.
- राउटरचा ॲडमिन पासवर्ड. बऱ्याचदा तो केबलवाल्याकडेच असतो, त्याच्याकडून आधी मागून घ्या.
- तासाभरासाठी एखादा लॅपटॉप.
- फोनमध्ये वाय-फायची ताकद आकड्यात दाखवणारं एखादं 'वाय-फाय ॲनालायझर' ॲप. आयफोनवर ॲपलच्या AirPort Utility मध्ये ही सोय आहे, पण आधी सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपचा Wi-Fi Scanner चालू करावा लागतो.
- घर मोठं किंवा भिंती जाड असतील तर एक जुना राउटर आणि लागेल तेवढी लॅन केबल.
- राउटरसाठी छोटा यूपीएस. ही चैन नाही, का ते पायरी ७ मध्ये येईल.

मोबाइल सिग्नलचा बूस्टर मात्र विकत घेऊ नका. बाजारात आणि ऑनलाइन तो मिळतो, पण परवानगीशिवाय तो बसवणं भारतात बेकायदेशीर आहे. शिवाय त्याने आसपासच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडू शकतं.

## १. रेंज किती वाईट आहे ते आकड्यात बघा

दांड्यांवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक कंपनीचा फोन दांड्या आपापल्या हिशेबाने दाखवतो. अँड्रॉइडमध्ये About phone मधल्या SIM status मध्ये Signal strength असतं. तिथला आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीसाठी -९० च्या आसपास असेल तर कॉल व्यवस्थित होतात. -११० च्या खाली अडचणी सुरू होतात आणि -१२० म्हणजे जवळपास काहीच नाही.

आमच्या माजघरात -११८ होता. अशी रेंज शून्य रेंजपेक्षा जास्त त्रासदायक. फोनला टॉवर अधूनमधून दिसतो, तो तिकडे जातो, टॉवर हातातून निसटतो, फोन परत वाय-फायकडे येतो. या येरझाऱ्यांत कॉल तुटतात. तुमच्याकडे आकडा -११० ते -१२० मध्ये हलत असेल तर पुढची पायरी नीट वाचा.

## २. फोनमध्ये सोय चालू करा आणि प्राधान्य वाय-फायला द्या

अँड्रॉइडमध्ये साधारण मार्ग असा: Settings, मग Network & internet, SIMs, तुमचं सिम, आणि Wi-Fi calling. सॅमसंगमध्ये फोन ॲपच्या सेटिंग्जमध्येही हा पर्याय सापडतो. आयफोनमध्ये Settings मधल्या मोबाइल डेटाच्या पानावर Wi-Fi Calling असतं. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी वेगवेगळं चालू करावं लागतं. 'माझं तर चालू आहे' म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी ते एकाच सिमवर केलेलं असतं. VoLTE चं बटण दिसत असेल तर तेही चालूच ठेवा.

पर्याय दिसतच नसेल तर फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करा. तरीही नाही दिसला तर त्या मॉडेलला त्या कंपनीच्या नेटवर्कवर ही सोय दिलेली नाही, असं समजून कंपनीच्या ग्राहकसेवेला मॉडेलचं नाव सांगून विचारा. परदेशातून आणलेल्या फोनांत हे फार होतं.

बऱ्याच अँड्रॉइड फोनांत खाली Calling preference असतं. तिथे Call over Wi-Fi निवडा. मोबाइल नेटवर्कला प्राधान्य राहिलं तर फोन ती -११८ वाली रेंज धरून बसतो आणि शेजारचं चांगलं वाय-फाय सोडून देतो. आयफोन हे स्वतःच ठरवतो.

त्याचबरोबर, वाय-फाय कमजोर वाटलं की आपोआप मोबाइल डेटावर उडी मारणारी सोय घरापुरती बंद करा. आयफोनमध्ये तिचं नाव Wi-Fi Assist आहे. अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक नाव बदलतं, पण वाय-फायच्या सेटिंग्जमध्येच 'switch to mobile data' अशा अर्थाचं काहीतरी सापडेल. जिथे मोबाइल डेटाच नाही तिथे ही उडी नुकसानच करते.

## ३. एरोप्लेन मोडवर चाचणी घ्या

एरोप्लेन मोड चालू करा, मग वाय-फाय तेवढं परत चालू करा. अर्धा-एक मिनिट थांबा. वरच्या पट्टीत वाय-फाय कॉलिंगची खूण यायला हवी: रिसीव्हरच्या चित्राशेजारी वाय-फायच्या लहरी, किंवा VoWiFi, किंवा आयफोनवर कंपनीच्या नावापुढे Wi-Fi. आता टॉवरचा संबंधच उरला नाही, म्हणून पुढे जे बिघडेल ते फोन-सिममध्ये किंवा फोन आणि कंपनी यांच्यामधल्या इंटरनेटच्या वाटेवरच बिघडेल.

खूण आली नाही तर तोच फोन शेजाऱ्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या जोडणीच्या वाय-फायवर लावून बघा. तिथे आली तर दोष तुमच्या राउटरचा किंवा लाइनचा. तिथेही नाही आली तर फोन किंवा सिम. एवढ्या एका चाचणीने अर्धा गोंधळ मिटतो, आणि ग्राहकसेवेशी बोलतानाही तुमच्या हातात ठोस काहीतरी असतं.

खूण आली असेल तर घरातूनच कुणाला तरी फोन लावा आणि बोलत बोलत सगळ्या खोल्या फिरा. कुठे आवाज तुटतो ते लक्षात ठेवा. आवाज कोणाचा तुटतो हेही बघा. समोरचा तुम्हाला स्वच्छ ऐकू येतोय पण तुमचा आवाज त्याच्याकडे तुटक जातोय, असं असेल तर दोष बहुतेक तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या वाटेत आहे, म्हणजे अपलोडमध्ये किंवा फोन ते राउटर या टप्प्यात.

## ४. दोष वाय-फायचा की लाइनचा: दोन पिंग

लोक इथे स्पीड टेस्ट करतात, १०० एमबीपीएस दिसतं आणि ते कोड्यात पडतात. बोलण्याला स्पीड फारसा लागतच नाही, एका बाजूला १०० केबीपीएसच्या आसपास पुरतं. बोलण्याला लागतं सातत्य: आवाजाचे तुकडे करून इंटरनेटवरून पाठवली जाणारी पाकिटं हरवू नयेत आणि एकेका पाकिटाला लागणारा वेळ वर-खाली होऊ नये.

लॅपटॉप जिथे कॉल तुटतो तिथे नेऊन ठेवा, तो वाय-फायवरच असू दे, आणि आधी राउटरला पिंग करा, म्हणजे छोटी पाकिटं पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. विंडोजवर Command Prompt उघडून लिहा:

```
ping -n 100 192.168.1.1
```

राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो टाका, ipconfig लिहिलं की Default Gateway समोर दिसतो. मग बाहेर, गूगलच्या सर्व्हरला:

```
ping -n 100 8.8.8.8
```

पहिल्या पिंगचे आकडे एकअंकी किंवा फार तर दहा-पंधरा मिलिसेकंद असावेत आणि एकही Request timed out नसावा. इथेच आकडे ४, ३, १९०, ५, ३१० असे उड्या मारत असतील तर दोष घराच्या आत आहे, पायरी ५ कडे चला. पहिलं पिंग स्वच्छ आणि दुसरंच उड्या मारतंय, तर तो लाइनचा किंवा अपलोड भरल्याचा प्रश्न, त्यासाठी पायरी ६.

आमच्याकडे राउटर ओटीवर. तिथे दोन्ही पिंग स्वच्छ. माजघरात पहिल्याच पिंगमध्ये शंभरातली आठ-दहा पाकिटं गायब आणि वाय-फायची ताकद -७८. केबलवाल्याला दोष देण्यासारखं काहीच नव्हतं.

## ५. जाड भिंतीपलीकडे दुसरा राउटर, पण ॲक्सेस पॉइंट करून

बोलण्यासाठी वाय-फायची ताकद -६७ किंवा त्याहून चांगली असावी. -७० पर्यंत चालून जातं, -७५ च्या खाली कॉल तुटणारच असं धरा. चिऱ्याची दीड फुटी भिंत ओलांडताना सिग्नल फार पडतो, आणि ५ गिगाहर्ट्झचा तर २.४ पेक्षा खूप जास्त पडतो.

म्हणून आधी फुकटातले उपाय. राउटर ओटीच्या खिडकीशी लोंबकळत असतो, कारण केबल तिथून आत आली. त्याला घराच्या मध्याकडे आणा, छातीच्या उंचीवर, लोखंडी कपाट, फ्रिज आणि आरशापासून दूर. केबलवाले फायबरची तार दहा-पंधरा मीटर आत ओढून देतात, सांगितलं तर. मग २.४ गिगाहर्ट्झच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ पैकी एक पक्का करा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. गावात शेजारचे राउटर कमी, त्यामुळे २.४ वर बोलणं छान चालतं. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत मात्र उलट: तिथे २.४ वर इतकी गर्दी असते की भिंती पातळ असतील तर फोन ५ वर ठेवलेला बरा.

एवढ्याने भागलं नाही तर दुसरा राउटर. बाजारातला प्लगमध्ये खोचायचा रिपीटर मी सुचवणार नाही. तो त्याच हवेतून सिग्नल घेतो आणि त्याच हवेतून पुढे देतो. कमजोर जागी लावला तर कमजोर सिग्नलच पुढे ढकलतो. भिंतीत भोक पाडणं नको असेल तर माळ्यावरून कॅट-६ केबल न्या आणि टोकाला जुना राउटर लावा.

तो जुना राउटर मात्र राउटर म्हणून ठेवायचा नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. दोन राउटर आपापले पत्ते वाटायला लागले की ओटीवरून माजघरात येताना फोनचा पत्ता बदलतो. जुन्या पत्त्यावर बांधलेला बोगदा कोसळतो, नवा बांधायला काही सेकंद लागतात, आणि कॉल गेलेला असतो. वाय-फायच्या दांड्या दोन्हीकडे पूर्ण दिसतात, म्हणून कारण लक्षात येत नाही.

करायचं ते असं. जुन्या राउटरमध्ये Access Point mode असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर लॅपटॉप केबलने त्याला जोडून:

- त्याचा स्वतःचा पत्ता बदला. मुख्य राउटर 192.168.1.1 असेल तर याला 192.168.1.2 द्या.
- त्याचा DHCP Server, म्हणजे पत्ते वाटणारी सोय, बंद करा.
- वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच, अक्षरशः तोच ठेवा. चॅनल मात्र वेगळा: तिकडे १ तर इकडे ६.
- माळ्यावरून आलेली केबल त्याच्या LAN पोर्टमध्ये लावा, WAN मध्ये नाही. WAN चा पोर्ट बहुधा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो, तो मोकळाच राहू दे.

मग परत एरोप्लेन मोड, परत कॉल, परत घरभर फेरी. आमच्या माजघरातला आकडा -७८ वरून -५२ वर आला. ओलांडताना क्षणभर आवाज अडखळतो, पण कॉल टिकतो.

## ६. आवाज ठरावीक वेळीच बिघडतो? अपलोड बघा

दिवसभर ठीक आणि संध्याकाळी किंवा मुंबईची मंडळी सुट्टीला आली की तुटक, असं असेल तर बहुतेक कुणाचा तरी फोन फोटोंचा बॅकअप चढवत असतो, नाहीतर सीसीटीव्ही सतत अपलोड करत असतो. अपलोड काठोकाठ भरला की तुमच्या आवाजाची पाकिटं राउटरमध्ये रांगेत तिष्ठत राहतात.

तपासायला सोपं आहे. 8.8.8.8 चं पिंग चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा. २० मिलिसेकंदांचे ३०० झाले, तर सापडला. राउटरमध्ये QoS किंवा Bandwidth Control असेल तर अपलोडची कमाल मर्यादा प्रत्यक्षात मिळणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. नसेल तर बॅकअप रात्री करायचा असं घरात ठरवा.

अपलोड रिकामं असतानाही दुसरं पिंग उड्या मारत असेल तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडून तेच परत करा आणि त्या निकालाचा फोटो केबलवाल्याला पाठवा. 'वाय-फाय स्लो आहे' या तक्रारीवर तो राउटर बंद-चालू करायला सांगेल. केबलवर काढलेल्या पिंगमध्ये पाकिटं हरवलेली दिसली तर त्याला जोड तपासायला यावंच लागतं.

### जाणारे कॉल लागतात, येणारे लागत नाहीत

हा प्रकार वेगळा, आणि आई-वडील गावी एकटे असतील तर सगळ्यात जिवाला लागणारा. फोन शांत पडलेला असताना बोगद्यातून फारसं काही जात नाही. थोडा वेळ काहीच गेलं नाही की काही राउटर ती वाट विसरतात. फोनला वाटतं जोडणी आहे, कंपनीला वाटतं आहे, मधली वाट मात्र बंद. घरच्यांनी स्वतः फोन लावला की वाट नव्याने उघडते, म्हणून त्यांच्या दृष्टीने सगळं ठीकच असतं.

ओळखायचं असं: फोन एरोप्लेन मोड आणि वाय-फायवर ठेवून, स्क्रीन बंद करून अर्धा तास हात लावू नका. मग बाहेरून फोन करा. नाही लागला, तर आधी फोनचा बॅटरी सेव्हर बंद करून तीच चाचणी परत घ्या. झोपेत वाय-फाय बंद करणारं सेटिंग असेल तर तेही बंद करा. तरी तेच, तर राउटरकडे वळा. Security किंवा ALG च्या पानावर IPSec Passthrough असतं. ते चालू करून बघा, आधीच चालू असेल तर बंद करून बघा, कारण काही राउटरांत हीच सोय आडवी येते. UDP timeout बदलता येत असेल तर तो ३०० सेकंद करा. फायरवॉल कडक असेल तर बाहेर जाणारे UDP 500 आणि 4500 मोकळे हवेत. पोर्ट फॉरवर्डिंगची गरज नाही, कुणी सांगितलं तरी करू नका. राउटरचं फर्मवेअर अपडेट करून, नाहीतर राउटरच बदलून हा दोष जातो.

## ७. वीज गेली की फोनही गेला

पावसाळ्यात याला पर्यायच नाही. राउटर आणि फायबरची डबी वेगवेगळी असेल तर यूपीएस दोन्हींना हवा. ॲडाप्टरवर बघा काय लिहिलंय. बहुतेक 12V असतं, पण काही राउटर 9V चे असतात आणि त्यांना 12V लावला तर ते जळू शकतात.

किती वेळ टिकेल याचा हिशेब सोपा आहे. छोट्या यूपीएसवर 8800 mAh लिहिलेलं असतं, पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप. म्हणजे ८.८ गुणिले ३.७, साधारण ३२ वॉट-तास, आणि १२ व्होल्ट करताना काही वाया जाऊन हाती २७ च्या आसपास. राउटर ८ वॉट घेत असेल तर तीन तास आणि वर थोडं. रात्रभर वीज जाणाऱ्या गावात घराच्या इन्व्हर्टरवरच राउटरची लाइन घेतलेली बरी.

केबलवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा: त्याच्या ऑफिसपासून आपल्यापर्यंत मध्ये कुठे विजेवर चालणारा स्विच आहे का, आणि त्याला बॅटरी आहे का? नसेल, तर तुमचा यूपीएस चालू राहूनही इंटरनेट जाईल.

## ८. अंगणात, रस्त्यावर आणि ११२ ला

बोलत बोलत घराबाहेर गेलात तर कॉल टॉवरवर जातो, पण बाहेर ४जी मिळत असेल तरच. बाहेर फक्त २जी असेल तर तो तुटतो, त्यावर घरून काही उपाय नाही. लांबचा कॉल असेल तर एका जागी बसून बोला.

एरोप्लेन मोड चाचणीपुरताच ठेवा, कायमचा नको. ११२ लावल्यावर फोन आधी मोबाइल नेटवर्क शोधतो, तुमच्या कंपनीची रेंज नसेल तर दुसऱ्या कुठल्याही कंपनीची धरतो. वाय-फायवरून ११२ लागेलच आणि तुमचं ठिकाण त्यांना बरोबर कळेलच, असं धरून चालू नका. अंगणात कोणत्या कोपऱ्यात रेंज येते ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या, आणि जवळच्या दवाखान्याचा आणि गाडीवाल्याचा नंबर राउटरशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.